सोड सारजे, होडी गं : पुराच्या एका रात्रीचा पोवाडा कसा बांधला

निफाड तालुक्यात, सायखेडा-चांदोरीच्या पट्ट्यात, गोदावरीच्या काठचं एक गाव. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या एका तरुण बाईंनी आपल्या गावच्या नायिकेवर पोवाडा लिहिला होता. शाळेच्या मुलींनी तो गावच्या जत्रेत म्हणायचा होता. गायनाची तयारी कुणाची नव्हती, म्हणून डफाच्या ठेक्यावर म्हणायचा, म्हणजे चालीपेक्षा लयीवर उभा राहणारा पोवाडा हवा होता. त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "शाहीर काका, शब्द चांगलेत असं सगळे म्हणतात, पण मुली म्हणायला लागल्या की पाचव्या कडव्याला ऐकणारे गप्पा मारायला लागतात." त्या वहीचं पुढे काय झालं, ते सगळं इथे मांडतो. गावकथेवर पोवाडा लिहिणाऱ्या बहुतेकांची गाडी नेमकी याच जागांवर अडते.

आधी कथा. गंगापूर धरण व्हायच्या आधीचा काळ. गावात नावाड्याचं एक घर होतं. नावाडी स्वतः पुरातच गेलेला, मागे म्हातारा बाप, विधवा सून आणि तिचं अंगावरचं पोर. नदीत एक बेट होतं आणि त्यावर मळा कसणारी दोन-तीन कुटुंबं राहत होती. एका रात्री पूर चढला आणि बेटाला वेढा पडला. सासरा अडवत असताना सून होडी घेऊन निघाली. आधी पोरं आणली, मग बाया आणल्या. तिसऱ्या खेपेला बेटावर एक म्हातारी राहिली होती, ती मात्र मिळाली नाही. गावात ही गोष्ट आजही सांगतात. त्या सुनेचं खरं नाव घरच्यांच्या इच्छेवरून पोवाड्यात घातलेलं नाही. पोवाड्यापुरती ती सारजा.

वहीतला पोवाडा 61 कडव्यांचा होता. त्यात सारजाचा जन्म, माहेर, लग्न, नवऱ्याचा मृत्यू असं सगळं क्रमाने येत होतं आणि पूर यायला 34वं कडवं उजाडत होतं. चार ओळींचं एक कडवं आणि त्यामागचं पालुपद ठेक्यात म्हणायला साधारण 24 सेकंद लागतात. म्हणजे मुख्य गोष्ट सुरू व्हायला तेरा मिनिटांहून जास्त वेळ जाणार. चरित्राला हा क्रम शोभतो, पोवाड्याला नाही. पोवाडा प्रसंगाचा असतो. आपल्याला माहीत असलेल्या जुन्यात जुन्या पोवाड्यांपैकी अज्ञानदासाचा पोवाडा अफझलखानाच्या वधाचा आहे, तुळशीदासाचा सिंहगड घेतल्याचा. दोघांनीही एकच मोहीम धरली. तेव्हा पहिला निर्णय सोपा होता: दिवस मावळण्यापासून पाणी ओसरेपर्यंतची एकच रात्र घ्यायची. नवरा बुडाल्याचं ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे, पण ते त्या रात्रीच्या आतच कुणाच्या तरी तोंडून कळू दे. ते कसं साधलं ते पुढे येईल.

दुसरा प्रश्न रात्रीची मोजदाद कशी ठेवायची हा होता. पूर ही चढत जाणारी गोष्ट आहे. पण "पाणी वाढलं, अजून वाढलं, खूप वाढलं" असं म्हणत राहिलं तर तिसऱ्यांदा कुणाला काही वाटत नाही. इथे नाशिकनेच हात दिला. रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे आणि पूर किती आला हे नाशिककर त्याच्या अंगावर मोजतात: पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, तोंडापर्यंत गेलं. आज धरणातून किती क्युसेक सोडले ते मोबाइलवर येतं, तरी माणसं विचारतात ते "मारुतीला कुठवर आलंय?" हेच. नाशिकला चढलेलं पाणी काही तासांनी खाली निफाडच्या गावांत पोचतं, हेही सगळ्यांना ठाऊक. मग पोवाड्याच्या प्रत्येक चौकाची पहिली ओळ मारुतीची झाली. चौक म्हणजे पोवाड्यातला एक टप्पा. एका चौकात तीनचार किंवा जास्तही कडवी असतात.

पहिल्या चौकाचं पहिलं कडवं असं झालं:

पाय बुडाले मारुतिचे,
उठे नाशकी आरोळी;
इथे सारजा चुलीपुढे
वाळवीत बसली झोळी.

पुढचे चौक "कंबर बुडली मारुतिची", "छाती बुडली मारुतिची" आणि "तोंडं बुडली मारुतिची" असे सुरू होतात. ऐकणाऱ्याला एकदा हा क्रम कळला की पुढची ओळ यायच्या आधीच तिची भीती वाटू लागते. कमरेनंतर छाती येणार हे त्याला माहीत असतं, फक्त तोवर सारजा कुठे असेल ते माहीत नसतं. शिवाय मारुती नाशकात आणि सारजा खाली गावात. चौकाच्या पहिल्या ओळीतलं पाणी अजून तिच्यापर्यंत आलेलंच नाही, ते वाटेत आहे. हे अंतर फार कामाचं आहे. नायिकेला जे माहीत नाही ते ऐकणाऱ्याला आधी कळतं आणि तो जागचा हलत नाही.

याच कडव्यातली झोळीही पाहा. बाळाला निजवायची कापडी झोळी पावसाने ओली झाली आहे आणि सारजा ती चुलीच्या धगीवर वाळवते आहे. वहीत या जागी "शूर, धीट, कणखर बाणा" अशी ओळ होती. बाणा डोळ्यांसमोर येत नाही, झोळी येते. तिच्या अंगावर पोर आहे, घर गरीब आहे, बाहेर पाऊस आहे, हे सगळं त्या एका वस्तूत आलं, आणि हीच झोळी शेवटच्या कडव्यात परत कामाला येते. कथाकाव्यात नायिकेचे गुण सांगायचे नसतात, तिचे हात कशात गुंतलेत ते दाखवायचं असतं.

आता पालुपद. बाईंच्या वहीत प्रत्येक कडव्यानंतर चार ओळींचं पालुपद होतं आणि त्याची सुरुवात होती, "धन्य धन्य ती वीर सारजा, धन्य तिची ती माय". यात दोन अडचणी होत्या. पहिली साधी आहे: चार ओळी ऐकणाऱ्यांना पाठ होत नाहीत. म्हणून पालुपद मुलीच म्हणत राहतात आणि समोरचे नुसते बघतात. दुसरी अडचण मोठी. सारजा धन्य आहे हे पहिल्या मिनिटालाच सांगून टाकलं, तर ती होडीत बसली काय आणि न बसली काय, ऐकणाऱ्याला धाकधूक उरतच नाही. निकाल आधी आणि सामना नंतर, असं होतं. पालुपदाने कौतुक करायचं नसतं, त्याने गोष्ट पुढे ढकलायची असते.

मी बाईंना विचारलं, "त्या रात्री काठावर उभी माणसं काय ओरडत असतील?" त्या लगेच म्हणाल्या, "पाणी चढतंय, पाणी चढतंय. आणि होडी सोडा म्हणत असतील." पालुपद तिथेच मिळालं:

चढलं पाणी गंगेचं जी,
सोड सारजे, होडी गं जी.

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे तो शब्द शोधावा लागला नाही. ओळीच्या शेवटचा "जी" ही झील. पोवाड्यात मुख्य शाहिराच्या मागे उभे राहणारे झीलकरी "जी जी रं जी" म्हणत ओळ उचलतात, ती हीच. या पालुपदात कौतुक नाही, निकाल नाही. एक बातमी आहे आणि एक विनवणी आहे.

खरी कमाई पुढे झाली. शब्द तेच ठेवले, पण प्रत्येक वेळी ते बोलणारं माणूस बदललं. पहिल्या चौकात पालुपद फक्त शाहिराचं आहे. सारजा चुलीपुढे बसलेली आहे, तिला काही कळलेलं नाही, आणि आपणच लांबून तिला सांगतो आहोत असं वाटतं. दुसऱ्या चौकात बेट येतं:

कंबर बुडली मारुतिची,
बेटावरती हाक उठे;
शेळ्या, पोरं, म्हातारी,
चहू दिशांना वाट कुठे?

यानंतर तेच पालुपद आलं की ते बेटावर अडकलेल्यांच्या तोंडचं होतं. रोज तिच्याच होडीतून येणारी-जाणारी माणसं ती, म्हणून नाव घेऊन हाक मारतात. त्यापाठोपाठ सासऱ्याचं कडवं आहे:

सासरा म्हणे, थांब मुली,
लेक बुडाला ह्याच जळी;
म्हणे सारजा, बाळ धरा,
होडी सुटली त्याच जळी.

वहीतली नवऱ्याच्या मृत्यूची नऊ कडवी "लेक बुडाला ह्याच जळी" या एका ओळीत आली. ती सांगतो तो बाप, आणि सांगतो तो सुनेला अडवण्यासाठी. त्यामुळे जुनी माहिती म्हणून ती येत नाही, वाटेत आडवी पडलेली अडचण म्हणून येते. सारजा उत्तरादाखल भाषण करत नाही, बाळ त्याच्या हातात देते. "ह्याच जळी" आणि "त्याच जळी" एकाच जागी बसवले, कारण ऐकताना दोन ओळींनंतर तोच आवाज कानावर आला की एका अक्षराचा फरक ठळक होतो. कागदावर हे कडवं साधं वाटतं, पण म्हणताना सभेतली कुजबूज थांबते ती इथेच. आणि यानंतरचं पालुपद सारजाच्या स्वतःच्या मनातलं आहे. "सोड सारजे" ती स्वतःलाच म्हणते. मुलींना एवढंच सांगितलं की पहिल्यांदा बातमी सांगा, दुसऱ्यांदा हाक मारा आणि तिसऱ्यांदा हळू म्हणा, समोर कुणी नाही असं समजून. वेगळा अभिनय शिकवावा लागला नाही.

लयीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण वहीतल्या कडव्यांचं खरं दुखणं तिथे होतं. बाईंनी मात्रा मोजून लिहिलं होतं आणि त्यांची मोजणी बरोबर होती. तरी म्हणताना मुली अडखळत होत्या. ही ओळ घ्या: "सारजाने होडी सोडली त्या पुराच्या पाण्यात". ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घ अक्षराची दोन अशा मोजल्या तर 28 मात्रा भरतात. 14 मात्रांच्या दोन ओळींइतका हा हिशेब आहे, त्यामुळे कागदावर चूक दिसत नाही. पण डफाची थाप दर आठ मात्रांनी पडते. "सारजाने" या शब्दात सात मात्रा जातात आणि आठवी मात्रा "हो" या दीर्घ अक्षराच्या पोटात पडते. थाप पडते तेव्हा तोंडात अर्धं अक्षर असतं. मुली मग थाप गाठायला "सारजाने"तला "ने" ओढतात किंवा "होडी" घाईने गिळतात, आणि दोन्हींत शब्द कळत नाही. मोजणी एकूण किती हे सांगते, कुठे तुटतं हे सांगत नाही.

माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त आठ मात्रांच्या या आवर्तनाला पद्मावर्तनी म्हटलं आहे. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, तपासायची रीत मात्र हातात असावी. ओळ म्हणायची आणि दर आठ मात्रांना मांडीवर थाप मारायची. थापेच्या जागी नवा शब्द सुरू झाला तर उत्तम. शब्दाच्या मधलं अक्षर सुरू झालं तरी चालतं. "वाळवीत बसली झोळी"मध्ये दुसरी थाप "बस-ली"च्या "ली"वर येते आणि कानाला खटकत नाही. थाप दीर्घ अक्षराच्या मध्यात पडली तर ओळ बदलायची, दुसरा इलाज नाही. वरची ओळ "होडी सुटली त्याच जळी" झाली ती अशी. "होडी सुटली" आठ मात्रा, "त्याच जळी" सहा.

आठ आणि सहा मिळून चौदा होतात. मग दुसऱ्या आवर्तनातल्या उरलेल्या दोन मात्रा कुठे जातात? त्या रिकाम्या ठेवल्या आहेत. ओळ संपल्यावर म्हणणारीला श्वास घ्यायला आणि ऐकणाऱ्याला शब्द पोचायला तेवढी जागा लागते. पालुपदात याच दोन मात्रांत "जी" बसतो, म्हणून कडवं म्हणताना जिथे शांतता असते तिथेच पालुपदात झील येते. गावातल्या लोकांना कुणी काही न सांगता त्यांनी आधी "जी" उचलला आणि मग पूर्ण ओळ उचलली. आमच्याच जिल्ह्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांतून लोकांच्या तोंडी बसली. लोकांच्या तोंडी बसणाऱ्या रचनेत ऐकणाऱ्याला आत शिरायला अशी जागा असावी लागते.

एक छोटी सवलत घेतली आहे ती सांगून टाकतो. "मारुतीचे" असं लिहिलं तर सात मात्रा होतात, म्हणून "मारुतिचे" केलं. म्हणताना "ती" आपोआपच आखूड होते, त्यामुळे कानाला काही लागत नाही. पण अशी सवलत जिभेला सहज वाटेल तिथेच घ्यावी. वहीत "सारजा"ची "सारज" केली होती, ती काढली. नायिकेच्या नावाला कात्री लावू नये, तेच तर लोकांच्या लक्षात राहायचं आहे. नाव निवडतानाही हाच विचार केला होता. "सोड सारजे" आणि "बांध सारजे" दोन्ही नेमक्या आठ मात्रांत बसतात, आणि शेवटी येणारा "जे" लांबवून हाक मारता येते. "बांध सारजे" कशासाठी, ते शेवटी येईल.

तिसरा चौक म्हणजे होडीच्या खेपा. इथे लय बदलावी लागते, नाहीतर काठावर बसणं आणि पुरात वल्हवणं एकाच चालीत होतं. पोवाड्यात यासाठी कटाव असतो: न थांबता, दमात, जलद म्हणायचा भाग. श्वासाच्या त्या दोन मात्रा काढून टाकल्या आणि ओळ पूर्ण सोळा मात्रांची केली:

हाणी, ओढी, वळवी, रेटी,
भवरा टाळी, लाकुड लोटी,
पहिली फेरी, आली पोरं,
दुसरी फेरी, आल्या बाया,

प्रत्येक शब्द चार मात्रांचा आहे. वल्ह्याचा एक हात मारायला जेवढा वेळ तेवढाच शब्द. पुरात वाहून येणारं लाकूड आणि पाण्यातला भवरा हे गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेलं. लाट पुराच्या पाण्यात समुद्रासारखी नसते, भीती असते ती या दोन गोष्टींची. वहीत "उसळती लाटांवर लाटा" होतं, ते त्यांनीच हसून काढायला लावलं.

कटावाची पहिली तालीम शाळेच्या पटांगणात गावकऱ्यांसमोर झाली आणि तिथे एक गोष्ट ध्यानात आली. "आल्या बाया" म्हटल्याबरोबर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, सुटका झाली, गोष्ट संपली. टाळ्यांत पुढचं कडवं बुडून गेलं, आणि पुढचं कडवं तर म्हातारीचं. त्या कडव्यासाठीच हा पोवाडा आहे. मग कटावाची शेवटची ओळ अर्धीच ठेवली:

तिसरी फेरी...

आठ मात्रा म्हणायच्या आणि उरलेल्या आठ मात्रा पूर्ण रिकाम्या सोडायच्या, डफसुद्धा बंद. जलद चाललेली लय अशी अर्ध्यात तुटली की टाळीसाठी उचललेले हात तसेच राहतात. पुढच्या वेळी एकही टाळी पडली नाही.

म्हातारीबद्दल आमच्यात वाद झाला होता, तो लपवत नाही. वहीत तिसऱ्या खेपेला म्हातारी वाचते. बाईंचं म्हणणं होतं, मुलींनी म्हणायचा पोवाडा आहे, शेवट आनंदाचा असावा. गावात मात्र सगळे सांगतात की ती सापडली नाही. खेपा किती झाल्या यावर गावात दोन मतं आहेत, कुणी तीन म्हणतं, कुणी पाच. तिथे तीन घेतल्या, कारण ऐकताना तीन लक्षात राहतात आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण मेलेल्या माणसाला पोवाड्यासाठी जिवंत करणं वेगळं. ज्या गावात ती म्हातारी होती, त्याच गावात तिच्या नातलगांसमोर हे म्हणायचं होतं. बाई सारजाच्या नातवाला भेटून आल्या. त्याने सांगितलं, "आजी होडीचं कधी बोलायची नाही. त्या म्हातारीचंच नाव घ्यायची." वाद तिथेच मिटला. बाईंनी स्वतः ते कडवं लिहिलं, आणि सगळ्या पोवाड्यात मला तेच सगळ्यात आवडतं:

तोंडं बुडली मारुतिची,
बेट कुठे अन् काठ कुठे;
हाक घालते, ओ नाही,
तरते काठी, हात कुठे.

या कडव्यानंतर पालुपद नाही. एवढ्या एकाच जागी ते गाळलं आहे. तोवर लोक पालुपदाला सरावलेले असतात, कडवं संपलं की ओठ उघडतात, आणि समोर मुली गप्प उभ्या असतात. "चढलं पाणी गंगेचं" म्हणण्यात आता अर्थ नाही, आणि "सोड होडी" कुणी कुणाला म्हणायचं? दोन ओळींचा वेळ, साधारण आठ सेकंद, तसाच जाऊ द्यायचा. मुलींना हे सगळ्यात अवघड गेलं. रिकामा वेळ त्यांना चुकल्यासारखा वाटायचा आणि कुणीतरी मध्येच "जी" म्हणून टाकायची. उपाय असा केला की डफवालीने मनात 32 मात्रा मोजायच्या आणि ती थाप देईपर्यंत सगळ्यांनी तिच्या हाताकडे बघायचं. पालुपद आधी प्रत्येक कडव्यानंतर न चुकता आलेलं असेल, तरच हे गाळणं लागू पडतं. काही पोवाड्यांत मर्जीप्रमाणे कधी पालुपद असतं, कधी नसतं. तिथे ते गाळलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

शेवटचं कडवं पाणी उतरल्याचं:

पाय उघडले मारुतिचे,
गावामधुनी चिखल उरे;
झोळी बांधुन आढ्याला
दोन लेकरां एक पुरे.

उतरे पाणी गंगेचं जी,
बांध सारजे, होडी गं जी.

झोळी परत आली, आणि तिच्यात आता सारजाच्या बाळाबरोबर बेटावरचं एक पोर आहे. ते म्हातारीचं नातवंड, हे आधीच्या एका कडव्यात आलेलं आहे. पालुपदात पहिल्यांदाच शब्द बदलतात, "चढलं"चं "उतरे" आणि "सोड"चं "बांध". इतक्या वेळा तेच ऐकल्यावर हे दोन शब्द बदलले की काय झालं ते वेगळं सांगावं लागत नाही. वहीत इथे समारोपाची चार कडवी होती, मुलींनी सारजासारखं व्हावं असं सांगणारी. ती गेली.

सगळं मिळून पोवाडा 24 कडव्यांचा झाला, म्हणायला दहा मिनिटांच्या आत. जत्रेत भोंग्यावरून म्हणताना एक वेगळीच अडचण आली. भोंगा लांब असला की आवाज मागून परत येतो, आणि लोकांचं पालुपद शाहिराच्या पुढच्या ओळीवर चढतं. मोकळ्या मैदानात म्हणायचा असेल, तर पालुपदानंतर एक पूर्ण आवर्तन, म्हणजे आठ मात्रा, नुसत्या डफाला द्याव्यात आणि मग पुढचं कडवं सुरू करावं. बंद सभागृहात याची गरज नाही. तिथे ही आवर्तनं काढली नाहीत तर पोवाडा उगाच संथ वाटतो. आणखी एक: ओळीच्या शेवटाकडे येणारे "गंगेचं"सारखे शब्द भोंग्यावर विरतात. ते तोंड उघडून, जरा लांब म्हणायला लावले.

यंदा त्या शाळेला तालुक्याच्या स्पर्धेत जायचं आहे आणि तिथे मर्यादा पाच मिनिटांची आहे. बाईंनी विचारलं, काय कापू? मारुतीच्या पाचही ओळी, सासऱ्याचं कडवं, कटाव आणि म्हातारीचं कडवं ठेवायचं. बेटावरच्या घरांची वर्णनं आणि काठावरच्या गर्दीची कडवी काढायची. म्हातारीच्या नातवंडाचा उल्लेख असलेलं कडवं काढता येणार नाही, नाहीतर शेवटच्या झोळीतलं दुसरं पोर कुणाचं ते कळणार नाही. अशी 11 कडवी उरतात आणि पालुपदासकट साडेचार मिनिटं होतात. वेळ कमी पडला तरी म्हातारीच्या कडव्यानंतरच्या 32 रिकाम्या मात्रांना हात लावायचा नाही, पहिल्या चौकातलं आणखी एक कडवं काढायचं.